भाषेतील हरवलेल्या ध्वनीचा शोध



भाषेचा जुना काळ कसा कळतो, असे कोणी विचारले तर आपल्या मनात दोन उत्तरे येतात. एक, जुन्या पोथ्या आणि शिलालेख वाचावेत. दोन, बहिणी-बहिणी भाषा शेजारी ठेवून त्यांची तुलना करावी. दोन्ही मार्ग बरोबर आहेत. पण आज मी तिसऱ्याच एका मार्गाविषयी बोलणार आहे. समजा, जुनी पोथी नाही आणि भाषेला बहीणही नाही. हाताशी आहे ती एकच भाषा आणि तीही एकाच काळातली. तेवढ्यावरून तिचे पूर्वीचे रूप काढता येईल का? काही मर्यादेत येते. या रीतीला भाषाशास्त्रात 'अंतर्गत पुनर्रचना' म्हणतात. नाव भारदस्त आहे, पण त्यातले मर्म आपल्या स्वयंपाकघरातल्या मराठीतही सापडते. म्हणून आरंभ तिथूनच करू.

'माळ' आणि 'ओळ' हे दोन शब्द घ्या. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींच्या शेवटी 'ळ'. पण आपण 'माळेत मणी ओवतो' आणि 'ओळीत उभे राहतो'. 'माळीत' असे कोणी म्हणत नाही आणि 'ओळेत' असेही नाही. आता आणखी शब्द आठवा. लाज–लाजेने, खाट–खाटेवर, जीभ–जिभेवर हे एका बाजूला. मूठ–मुठीत, गाठ–गाठीला, भिंत–भिंतीवर, आग–आगीत हे दुसऱ्या बाजूला. कोणत्या शब्दाला 'ए' लागायचा आणि कोणत्या शब्दाला 'ई', हे आज नुसता शब्द ऐकून सांगता येत नाही. मराठी मूल ते पाठ करते आणि परक्याला ते चुकत चुकत शिकावे लागते.

येथे अंतर्गत पुनर्रचना करणारा एक साधा तर्क चालवतो. भाषेत कारणाशिवाय असे दोन तट पडत नाहीत. आज कारण दिसत नाही, याचा अर्थ ते पूर्वी होते आणि पुढे झिजून गेले. मग ते शब्दाच्या कोणत्या भागात असणार? जो भाग आज एकटा शब्द उच्चारताना ऐकू येत नाही, त्याच भागात. तेव्हा अंदाज असा, की हे शब्द पूर्वी व्यंजनान्त नव्हते. एका गटाच्या शेवटी 'इ' होती, दुसऱ्या गटाच्या शेवटी निराळा स्वर होता. शब्दाच्या टोकाला उघडे पडलेले ते स्वर गळाले, पण प्रत्ययाच्या आडोशाला त्यांची खूण राहिली. हा अंदाज केवळ आजच्या मराठीवरून बांधला आहे, हे ध्यानात ठेवा. आता ताळा पाहा. मुष्टि, ग्रन्थि, भित्ति, अग्नि, आवलि हे सगळे इकारान्त. माला, लज्जा, खट्वा, जिह्वा हे सगळे आकारान्त. अंदाज खरा ठरला.

पण लगेच समाधान मानू नका. आपण 'पेन्सिलीने लिहितो' आणि 'बँकेत जातो'. आमची रीत जर डोळे मिटून वापरली, तर इंग्रजीतून आलेला शब्द पूर्वी 'पेन्सिलि' होता असे निघेल, आणि ते हास्यास्पद आहे. 'जमिनीवर' या रूपावरून फारसीतल्या 'जमीन' शब्दाला शेवटी 'इ' चिकटवणे तितकेच चूक. काय झाले? जुन्या शब्दांचे वळण एकदा पडले, की नवे शब्द त्याच वळणाने जातात. म्हणजे आज दिसणारा प्रत्येक फरक जुन्या काळाचा साक्षीदार नसतो; काही साक्षीदार पढवलेले असतात. हा पेन्सिलीचा धडा पुढे आपल्याला लागणार आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. या रीतीने लागलेला सर्वांत धाडसी शोध ज्या सामग्रीवर उभा आहे, तिचा फार मोठा भाग आपल्या संस्कृतात आहे. आपणांपैकी अनेकांनी तो शाळेत पाठ केला आहे आणि पाठ करताना कपाळाला हातही लावला आहे. मी सेट् आणि अनिट् धातूंविषयी बोलतो आहे.

'ऐकण्यासाठी' याला संस्कृतात 'श्रोतुम्' म्हणतात, पण 'शुद्ध करण्यासाठी' याला 'पोतुम्' न म्हणता 'पवितुम्' म्हणतात. 'करण्यासाठी' म्हणजे 'कर्तुम्', पण 'तरण्यासाठी' म्हणजे 'तरितुम्'. 'मन्' धातूचे 'मन्तुम्', पण 'जन्' धातूचे 'जनितुम्'. काही धातू मध्ये एक 'इ' घेतात, काही घेत नाहीत. घेणारे ते सेट्, न घेणारे ते अनिट्. कोण घेणार हे आपल्या व्याकरणकारांनी अचूक नोंदवले आहे. का घेणार, हा प्रश्न त्यांच्या कामाचा नव्हता. त्यांना भाषा बिनचूक वर्णन करायची होती, तिचा इतिहास सांगायचा नव्हता.

याच धातूंची भूतकालवाचक रूपे आता शेजारी ठेवा. अनिट् धातूंची रूपे श्रुत, कृत, मत अशी आहेत, तर सेट् धातूंची पूत, तीर्ण, जात अशी. कानाला काय जाणवते? जिथे पहिल्या रूपात 'इ' नव्हती, तिथे दुसऱ्या रूपात ऱ्हस्व स्वर आहे: श्रु, कृ, म. जिथे पहिल्या रूपात 'इ' होती, तिथे दुसऱ्या रूपात ती 'इ' नाही, पण स्वर मात्र दीर्घ झाला आहे: पू, तीर्, जा. 'तुम्' पुढे 'इ' येणे आणि 'त' पुढे स्वर लांबणे या वरवर पाहता अगदी निराळ्या गोष्टी. तरी त्या त्याच त्या धातूंच्या वाट्याला येतात. चोरी दोन घरी झाली, पण पाऊल एकाच माणसाचे, असा हा प्रकार आहे.

आता तर्काची पुढची पायरी. धातूला दोन अवस्था असतात, एक सबळ आणि एक दुबळी. 'श्रोतुम्' मध्ये सबळ 'श्रउ' आहे, कारण 'ओ' म्हणजे मुळात 'अ' आणि 'उ' यांचा संयोग. 'श्रुत' मध्ये मधला 'अ' गळाला आणि 'श्रु' उरले. 'कर्तुम्' मधला 'अ' गळाला आणि उरलेला 'र्' दोन व्यंजनांत सापडून स्वर झाला, म्हणून 'कृत'. 'मन्तुम्' मधला 'अ' गळाला, 'म्न्त' उरले, आणि दोन व्यंजनांत सापडलेला 'न्' संस्कृतात 'अ' झाला, म्हणून 'मत'. इथवर सरळ आहे. सेट् धातूंसाठी आपण एवढेच मानू, की त्यांच्या शेवटी आणखी एक ध्वनी होता आणि तो पुढे नाहीसा झाला. त्याचा उच्चार माहीत नाही, म्हणून मी त्याच्या जागी फळ्यावर एक रिकामा चौकोन काढतो.

'पवितुम्' म्हणजे पउ□तुम्. चौकोनाच्या मागे-पुढे आधार नाही, म्हणून तिथे तो 'इ' होऊन ऐकू येतो आणि मागचा 'उ' स्वरापुढे आल्याने 'व्' होतो. 'पूत' म्हणजे पु□त. येथे चौकोन स्वराला लागून आहे. तो गळतो आणि जाताना मागच्या स्वराला आपली मात्रा देऊन जातो, म्हणून 'पू'. तसेच जन□तुम् म्हणजे 'जनितुम्', आणि दुबळ्या अवस्थेत ज्न्□त म्हणजे 'जात'; 'मत' मध्ये जिथे ऱ्हस्व 'अ' आहे, तिथे येथे दीर्घ 'आ'. एक चौकोन मानला आणि दोन कोडी सुटली.

पण दोन कोडी सुटली एवढ्यावर कोणी अदृश्य वस्तू मान्य करू नये. तिसऱ्या, स्वतंत्र ठिकाणी तिचा पुरावा मिळाला पाहिजे. तो धातूंच्या गणांत मिळतो.

सातव्या गणात 'युज्' धातूचे रूप होते 'युनक्ति', अनेकवचनी 'युञ्जन्ति'. येथे 'न' हा प्रत्यय शेवटी न लागता धातूच्या पोटात, शेवटच्या व्यंजनाच्या आधी शिरतो: यु-न-ज्. पाणिनीने याला 'श्नम्' म्हटले आणि तो धातूच्या मध्ये घालावा असे सांगितले. पाचव्या गणात 'श्रु' पासून 'शृणोति' होते. तिथे पाणिनीचा प्रत्यय 'श्नु' आहे. नवव्या गणात 'पू' पासून 'पुनाति' होते. तिथे प्रत्यय 'श्ना'. गण तीन आणि प्रत्ययही तीन. आता सातव्या गणाची रीत पाचव्यावर चालवून पाहा. 'श्रु' मधला शेवटचा ध्वनी 'उ' आहे. 'न' त्याच्या आधी घाला: श्-र्-न-उ. 'र्' दोन व्यंजनांत सापडला, तो 'ऋ' झाला. 'न' आणि 'उ' मिळून 'नो' झाला, आणि 'ऋ' मुळे 'न' चा 'ण' झाला. आले 'शृणोति'. वेगळा प्रत्यय लागलाच नाही.

मग नववा गण? 'पु□' या धातूत शेवटचा ध्वनी चौकोन आहे. 'न' त्याच्या आधी घाला: पु-न-□-ति. चौकोन आता 'न' मधल्या 'अ' ला लागून आहे. तो गळतो आणि 'अ' ला दीर्घ करतो. आले 'पुनाति'. तीन गणांची एकच रीत निघाली. आणि आणखी एक गोष्ट आपोआप उलगडली. आपल्या परंपरेत धातू 'पू' असा दीर्घ सांगतात आणि मग 'पुनाति', 'लुनाति' यांत तो ऱ्हस्व का, यासाठी ऱ्हस्व करण्याचा वेगळा नियम द्यावा लागतो. आपल्या मांडणीत तो नियमच नको. 'पूत' मध्ये चौकोन 'उ' ला लागून होता, म्हणून 'उ' लांबला. 'पुनाति' मध्ये दोघांच्या मध्ये 'न' येऊन बसला, म्हणून लांबायचा तो 'उ' लांबला नाही आणि त्याऐवजी 'न' लांबला. दीर्घता जणू एका स्वरावरून उठून दुसऱ्या स्वरावर जाऊन बसली.

हा तर्क खरा असेल तर त्यातून एक भाकीत निघते: नवव्या गणातले धातू सेट् असले पाहिजेत. आपण ताळा घेऊ. लू–लवितुम्, स्तॄ–स्तरितुम्, अश्–अशितुम्, पू–पवितुम्, सगळे सेट्. पण 'क्री' चे 'क्रेतुम्' होते आणि 'बन्ध्' चे 'बन्द्धुम्' होते. भाकीत खोटे पडले काय? येथे पेन्सिलीचा धडा आठवा. 'क्रीत' मधला दीर्घ 'ई' जुनी साक्ष अजून देतो आहे. 'क्रेतुम्' मात्र 'नेतुम्' च्या वळणावर नव्याने बनले. 'बध्नाति' हे रूप नवव्या गणाचे वळण पडल्यावर त्याच्या अनुकरणाने आले. उलट दिशेनेही असेच होते. संस्कृतात पुढे ही 'इ' इतकी सोयीची झाली, की जिथे चौकोन कधीच नव्हता तिथेही ती शिरली. 'पठितुम्' मधली 'इ' त्यातलीच. मग खरा साक्षीदार ओळखायचा कसा? ज्या रूपाला भाषेत आज पाठबळ नाही, जे केवळ सवयीने टिकले आहे, ते जुने मानावे. जे वळण नव्या शब्दांनाही लागते, त्याच्या एकट्याच्या साक्षीवर विसंबू नये. 'पठ्' धातूत 'इ' शिवाय चौकोनाची दुसरी एकही खूण नाही. 'पू' धातूत तीन ठिकाणी तीन निरनिराळ्या खुणा आहेत.

सगळे सुरळीत झाले असेही मी म्हणत नाही. 'पुनीमः' या रूपात पु-न्-□-मः अशी मांडणी आहे. चौकोन दोन व्यंजनांत आहे, म्हणजे ऱ्हस्व 'इ' यायला हवी. प्रत्यक्षात दीर्घ 'ई' आहे. त्यासाठी वेगळी कारणे सुचवावी लागली आहेत आणि त्यांवर एकमत नाही. चांगल्या तर्काच्या कडेलाही असा एखादा धागा सुटा राहतो. तो झाकून ठेवू नये.

हा विचार मांडला फेर्दिनां द सोस्यूर या जिनिव्हाच्या तरुणाने. लायप्झिग येथे शिकत असताना 1878 च्या अखेरीस त्याचा आद्य स्वरव्यवस्थेवरचा प्रबंध छापून निघाला. मुखपृष्ठावर साल 1879 आहे. तेव्हा तो 21 वर्षांचा होता. त्याची मांडणी मी सांगितली त्याहून व्यापक होती. ग्रीक, लॅटिन या भाषाही त्याने घेतल्या, आणि संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या समान पूर्वजभाषेच्या पोटातल्या विकारांवर त्याने हीच रीत चालवली. त्याच्या हरवलेल्या ध्वनींना त्याने 'सहगुणक' या अर्थाचे गणिती नाव दिले. उच्चार कसा होता यावर पैज मारली नाही. लवकरच हर्मान मोलर या दानिश पंडिताने, हे ध्वनी घशातली व्यंजने असावीत, असे सुचवले. पण बहुतेक विद्वानांनी माना हलवल्या. ज्ञात असलेल्या एकाही नातलग भाषेत असा ध्वनी नव्हता. कागदावरची कसरत, असेच अनेकांना वाटले. सोस्यूर 1913 साली वारला, तोवर ही स्थिती फारशी बदलली नव्हती.

दरम्यान तुर्कस्तानातील बोगाझकॉय येथे 1906 पासून ह्यूगो विंक्लर याच्या उत्खननात मातीच्या हजारो लेखविटा निघत होत्या. लिपी बाणाकृती, पण पुष्कळ विटांवरची भाषा अनोळखी होती. ती संस्कृत-ग्रीकच्या कुळातली आहे, हे बेद्रिख ह्रोज्नी याने 1915 साली जाहीर केले. ही हित्ती भाषा. तिचे राज्य इ. स. पूर्वी 1200 च्या सुमारास लयाला गेले होते. या भाषेत 'ह' सारखा, घशातून येणारा एक ध्वनी लिहिलेला होता आणि तो कुठून आला हे कळत नव्हते. 1927 साली येझी कुरिलोविच या पोलिश विद्वानाने दाखवले, की सोस्यूरने जिथे रिकामी जागा सांगितली होती, तिथेच हा ध्वनी येतो.

एकच उदाहरण देतो. 'रक्षण करतो' याला संस्कृतात 'पाति' म्हणतात. 'पुनाति' मध्ये आपण 'आ' ची फोड अ□ अशी केली. तीच फोड येथे करा: प-अ-□. हित्तीत रक्षण करणे याचा धातू आहे 'पह्श्'. चौकोनाच्या जागी, नेमका तिथेच, 'ह' बसला आहे. सोस्यूरला हित्तीचे एक अक्षरही ठाऊक नव्हते.

आता या रीतीला काय येत नाही तेही सांगितले पाहिजे. चौकोन कुठे होता आणि काय करत होता हे संस्कृताने सांगितले. तो कसा उच्चारला जाई, हे सांगितले नाही. हित्तीनेही ते अर्धवटच सांगितले. दुसरे, चौकोन एक होता की अनेक, हेही संस्कृताला एकटीला सांगता येत नाही. 'धा' पासून 'हित', 'स्था' पासून 'स्थित', 'दा' चे जुने रूप 'अदित'. सगळीकडे एकच 'इ'. ग्रीकात मात्र याच धातूंची रूपे थेतोस्, स्ततोस्, दोतोस् अशी आहेत. ए, अ, ओ असे तीन निरनिराळे स्वर. म्हणून आज सामान्यपणे असे तीन ध्वनी मानतात, आणि त्यांतला एक हित्तीतही लिहिलेला सापडत नाही. जिथे भाषेने दोन गोष्टी सगळीकडे सारख्याच करून टाकल्या, तिथे तिच्या पोटात त्यांच्या फरकाची खूण उरत नाही. तिसरे, ही रीत 'आधी काय, नंतर काय' एवढे सांगते; साल सांगत नाही.

ही रीत केवळ मृत भाषांसाठी आहे असेही नाही. आपल्याच महाराष्ट्रात, बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद भागात, निहाली नावाची भाषा बोलतात. तिची नातलग अशी एकही भाषा निश्चितपणे सापडलेली नाही, आणि जुने लिखाण तर नाहीच. तिचा भूतकाळ शोधायचा तर तिच्या स्वतःच्या रूपांतले विकार हाच मुख्य आधार. पण तिथेही पेन्सिल आडवी येते, कारण निहालीत कोरकूचे आणि मराठीचे शब्द फार मोठ्या संख्येने मिसळले आहेत. आधी ते बाजूला काढावे लागतील आणि मग उरलेल्या रूपांना विचारावे लागेल. त्यासाठी ती रूपे बोलणाऱ्यांच्या तोंडून, चुकल्यासारखी वाटणारी रूपे न सुधारता, जशीच्या तशी लिहून घेतली पाहिजेत. पाणिनीच्या परंपरेने 'पवितुम्' आणि 'पूत' यांचा विसंवाद दुरुस्त केला नाही, नोंदवून ठेवला; म्हणून आज आपण तो उलगडू शकलो.